बाळ सांभाळायला मावशी शोधताना (रत्नागिरीतला माझा अनुभव)

माझी २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपत आली आणि घरात एकच विषय, बाळाला कोण बघणार. आई पुण्याला, सासूबाई देवरुखकडे गावी, त्यांची गुरं आहेत, त्या चार दिवस येतील पण कायमच्या नाही येऊ शकत, आणि ते बरोबरच आहे. नवरा कामाला, मी बँकेत. पाळणाघरं बघितली पण सहा-सात महिन्यांचं बाळ घ्यायला बहुतेक जण नाखूष. म्हणून घरी येऊन सांभाळणारं कोणीतरी हवं होतं, सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा.

नावं मिळायला काही त्रास होत नाही. सोसायटीच्या वॉचमनला सांगा, भाजीवालीला सांगा, दोन दिवसांत चार फोन येतात. खरी गंमत पुढे आहे. बोलायला बसलं की सगळ्याच म्हणतात मला पोरांची आवड आहे. यावरून काय कळणार? समोरची बाई कामासाठी आलीय, ती नाही आवड असं कशाला म्हणेल. म्हणून मी ठरवलं होतं की आवड, स्वभाव, विश्वासू आहात का, असलं काही विचारायचंच नाही. विचारायचं ते घडलेलं. आधीच्या घरी बाळ केवढं होतं, सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचात, ते जेवायचं नाही तेव्हा काय करायचात, कधी आजारी पडलं होतं का, तेव्हा घरात कोण होतं. घडलेली गोष्ट सांगताना माणूस बारकावे सांगतो, आणि ते बारकावे नंतर फोन करून ताडून बघता येतात. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

दोघींचं सांगते म्हणजे लक्षात येईल.

पहिल्या ताई तिशीतल्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. मी विचारलं, बाळ कधी पडलंबिडलं होतं का तुमच्याकडे? म्हणाल्या, "छे, मी पडूच देत नाय." रांगणारं मूल दोन वर्षं सांभाळलं आणि एकदाही पडलं नाही, हे मला जरा जडच गेलं पण म्हटलं असेल. आधीच्या घरचा नंबर मागितला तर लगेच दिला.

दुसऱ्या मावशी पन्नाशीच्या आसपास, मिऱ्याकडच्या, येऊन खुर्चीत न बसता आधी बाळाकडे बघत उभ्या राहिल्या, त्याला उचलायची घाई केली नाही. तोच प्रश्न विचारला. "पडलेला की वैनी. खाटेवरनं. मी दुधाची बाटली घ्यायला वळले नि गेला खाली. टेंगूळ आलं कपाळाला. लगेच त्याच्या आईला फोन लावला, ती येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले, उलटी होते काय बघत होते. तेव्हापास्नं एवढासा असला तरी खाटेवर एकटा ठेवत नाय, खाली चटईवर." मला यातलं पडणं नाही महत्त्वाचं वाटलं, फोन लावला ते महत्त्वाचं वाटलं. जी बाई पोर पडल्याचं लपवत नाही तिच्याकडेच पोर ठेवता येतं, कारण डोक्याला मार लागल्यावर उलट्या किंवा जास्त सुस्ती दिसली तर लगेच डॉक्टर गाठायचा असतो, आणि पडलंय हेच आईला माहीत नसेल तर सगळंच राहतं.

आता फोनचं. रेफरन्सचा फोन म्हणजे बरेच जण असं करतात, "अमुक ताई तुमच्याकडे दोन वर्षं होत्या ना, मुलगी सांभाळायच्या ना, चांगल्या आहेत ना?" पलीकडून हो, हो, हो. झाला फोन! मी उलट केलं. आपण काहीच सांगायचं नाही, फक्त विचारायचं. त्या तुमच्याकडे काय काम करायच्या? कधीपासून कधीपर्यंत? बाळ तेव्हा केवढं होतं, मुलगा का मुलगी? काय खायचं? का सोडलं? पहिल्या ताईंच्या नंबरवर ज्या बोलल्या त्यांनी कौतुक भरपूर केलं, पण बाळ केवढं होतं विचारल्यावर "लहानच होतं" आणि नाव विचारल्यावर एकदम थांबून "आम्ही बाबूच म्हणायचो". ताईंनी तर मला मुलगी म्हणून सांगितलं होतं! मागून कोणीतरी हसल्याचा आवाजही आला. आता ती बाई बहीण होती का शेजारीण ते मला माहीत नाही आणि शोधतही बसले नाही. ताईंना कळवून टाकलं की नको म्हणून.

मावशींच्या आधीच्या घरी फोन केला तर त्या मॅडमनी आपणहून खाटेची गोष्ट सांगितली, दुधाच्या बाटलीसकट. तारखाही जुळल्या. मग मी माझा आवडता प्रश्न विचारला, तुम्हाला परत गरज पडली तर यांनाच बोलवाल का? इथे उत्तर काय येतं त्यापेक्षा यायला किती वेळ लागतो ते ऐकायचं. त्या म्हणाल्या, "लगेच बोलवीन, फक्त गणपतीचं आधी बोलून घ्या." पाच दिवसांची सुट्टी म्हणून गेलेल्या मावशी पंधरा दिवसांनी आल्या होत्या, फोन बंद, आणि मॅडमची सगळी रजा त्यात गेली.

हे मात्र आपल्या कोकणातलं असं काम आहे की मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींचे सल्ले इथे कामाचे नाहीत. इथे बाई काम सोडते ती बहुतेक वेळा भांडून नाही, कॅलेंडरमुळे. जुलैत लावणी, मग गणपती, शिमगा, आणि मार्च ते मे आंब्याचा सीझन. सीझनला बागेत, पॅकिंगला रोजचे पैसे चांगले मिळतात, घरातली सगळी जातात, मग हिनेच का बाळ घेऊन बसावं? म्हणून मावशींना परत बोलावलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर ठेवलं. म्हटलं, आपण पूर्ण वर्ष बघू. त्यांनी आधी गणपतीचं स्वतःच सांगितलं, सासू पडली होती, गावात रेंज नव्हती. मॅडमनी सांगितलेलं आणि हे एकमेकांत बसत होतं. लावणीला दोन दिवस लागतील, आंब्याला त्या जात नाहीत कारण ऊन सोसत नाही, गणपतीला सात दिवस. आणि जास्त थांबावं लागलं तर गावातल्या दुकानाच्या फोनवरून कळवायचं, त्या दुकानाचा नंबरही त्यांनी दिला.

मग पैसे आणि काम. महिना ९,१०० ठरवले, तो आकडा मुद्दाम, कारण रविवार सोडून २६ दिवस धरले तर रोजचे बरोबर ३५० होतात आणि खाडा कापताना वाद होत नाही. महिन्याला एक खाडा भरपगारी. पगार ५ तारखेला. उचल गणपतीच्या आधी एकदा, तीन महिन्यांत फेडायची. हे सगळं एका कागदावर मराठीत लिहिलं आणि त्यांच्या मुलीला वाचायला लावलं, ती बारावीला आहे.

त्याच कागदावर मी काय काम *नाही* तेही लिहिलं. बाळाचे कपडे, बाळाची भांडी, बाळाची खोली त्यांची. आमची धुणीभांडी, जेवण, लादी त्यांची नाही. आमच्याकडे मासे आले की साफ कोण करणार हा प्रश्न दर आठवड्याला येतो, तोही लिहून टाकला, मावशी नाही. कारण एकदा "जरा एवढं बांगडे धुवून द्या ना" झालं की बाळ हॉलमध्ये एकटं. भांडणं असल्याच "जरा एवढं"वरून होतात.

बाळाच्या बाबतीत नियम थोडेच ठेवले, पण कारणासकट सांगितले. नाका-कानात तेल घालायचं नाही. वर्षाच्या आत मध नाही, घुटीतसुद्धा नाही, कारण मधातल्या जंतूंनी एवढ्या लहान बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. शेंगदाणा, फुटाणा हाताशी नको. आणि पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी दिवसाआड, बाथरूममध्ये पिंप, बादल्या भरलेल्या, तर पिंपावर झाकण आणि बाथरूमला बाहेरून कडी, रांगतं मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडतं. यावर मावशींनी तेलाबद्दल थोडी कुरकूर केली, "आमची पोरं वाढली की," पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर ऐकलं. कुरकूर केली ते मला बरंच वाटलं, मान डोलावून नंतर आपलंच करणारी नको होती.

त्यांनीही मला विचारलं बरं का. दुपारी घरी कोणी पुरुष माणूस असतो काय? मला जेवण कुठे? तुम्हाला उशीर झाला तर शेवटची एसटी चुकेल, मग? हे प्रश्न रास्त आहेत, आणि जिला हे विचारायची हिंमत आहे ती बाळाला ताप आल्यावर फोन करायलाही घाबरणार नाही असं माझं मत. उशीर झाला तर रिक्षाचे पैसे आमचे, हेही कागदावर आलं.

आधारचा फोटो घेतला, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपने स्कॅन करून नाव-फोटो जुळतो का बघितलं. पोलीस स्टेशनला माहिती देऊन ठेवली, मावशींना सांगूनच. पण त्यातून फार तर एखादी नोंदलेली केस आहे का ते कळेल, बाळाशी कशी वागते ते नाही कळत.

ते कळायला ट्रायल, आणि ट्रायलचे पैसे रोजच्या हिशोबाने पूर्ण दिले. आधी मी घरातच, नुसती बघत. मग आतल्या खोलीत. मग तासभर बाहेर, मग अर्धा दिवस, आणि एकदा न सांगता लवकर परत. हॉलमध्ये कॅमेरा आहे हे आधीच सांगितलेलं. मी काय बघत होते तर डायपर बदलायला किती वेळ जातो, मांडीखाली लाल चट्टे येतात का, रडल्यावर आधी बाळाकडे हात जातो का मोबाईलकडे, आणि संध्याकाळी बाळ नेहमीसारखं जागं आहे ना. हे शेवटचं मला बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, बाळ रोज जास्तच गुंगीत वाटायला लागलं तर काही औषध पाजलं जातंय का हे विचारायचं. आमच्याकडे तसं काही नव्हतं, उलट मावशी आल्यापासून ते दुपारी कमी झोपायला लागलं कारण त्या त्याला खिडकीत कावळे दाखवत बसायच्या.

एकच गोष्ट कागदावर रिकामी राहिली, शिमग्याची रजा. पालखी त्यांच्या घरी कुठल्या दिवशी येणार ते गावकीच्या बैठकीत ठरतं, त्याआधी कोणीच सांगू शकत नाही, आणि तेव्हाच माझ्या बँकेत इयर एंडिंगचं काम, मला रजा मिळणं अशक्य. शेवटी ठरलं असं की बैठक झाली की त्याच रात्री मावशी फोन करणार आणि रजा नवरा टाकणार.