तांदळाची चालेल का, फादर?

पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चच्या उपासनेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या तयारीचे, वर्ग संपत आले होते, सराव तेवढा राहिला होता. अशात वर्गातल्या एका मुलीची आई डॉक्टरांचे कागद घेऊन ऑफिसात आली. मुलीला सिलिअॅकचा आजार असल्याचं नुकतंच कळलं होतं. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की आतड्याचं अस्तर खराब होतं, आणि यात ‘थोडंसं चालतं’ असं काही नसतं. पोळीचा चुरासुद्धा नको. मिस्साची, म्हणजे त्या उपासनेची, आमची भाकर म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, तापलेल्या दोन लोखंडी पत्र्यांमध्ये दाबून भाजलेली पातळ चकती. दुसरं काहीच नाही त्यात.

आईने तोडगाही आणला होता. तांदळाच्या पिठाच्या चकत्या ऑनलाइन मिळतात, मोबाइलवर फोटो दाखवला. “आपण वसईची माणसं, फादर. तांदळाच्या भाकरीवर वाढलो. तांदळाची चालेल का? शेवटी ते चिन्हच ना?”

शेजारी आजी बसली होती. तिचं नेमकं उलट. “फादरने वेदीवर शब्द उच्चारले की गहू राहतो कुठे? साक्षात येशू आहे तो. तो पोरीला बाधेल कसा?”

मिस्साबद्दलच्या समजुतीची दोन टोकं माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्यांत बसली होती. आजीचं म्हणणं जास्त भाविक होतं आणि जास्त धोक्याचंही, म्हणून आधी तिच्याशीच बोललो.

आम्ही कॅथलिक मानतो की मिस्सात भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. पण बदलतं ते त्यांचं मूळ तत्त्व. रंग, चव, वजन, पोटात गेल्यावर होणारा परिणाम, सगळं होतं तसंच राहतं. द्राक्षारस जास्त प्यायला तर चढतोच. ग्लुटेनही तिथेच असतं. आजीला हे पटेना, तेव्हा तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचा दाखला दिला. प्याल्यात विष पडल्याचं अभिषेकानंतर, म्हणजे वेदीवरचे ते शब्द उच्चारून झाल्यावर, लक्षात आलं तर काय करायचं, हा प्रश्न त्यांनी घेतला आहे. त्यांचं उत्तर असं की फादरने तो पिऊ नये, दुसऱ्यालाही देऊ नये, नीट भांड्यात जपून ठेवावा. जीवन देणारा प्याला मरणाला कारण होता कामा नये. “म्हणजे संतांनापण ठाऊक होतं,” आजी म्हणाली आणि गप्प झाली.

आईचा प्रश्न जास्त अवघड. मिस्सा हा नुसता जेवणाचा देखावा असता, तर वसईत तांदूळच जास्त शोभला असता. आफ्रिकेत आणि आशियात धर्मपंडितांनीही हा मुद्दा मांडलेला आहे, आणि मला तो आजही हलका वाटत नाही. पण मिस्सा एका ठरावीक रात्रीला बांधलेला आहे. मरणाच्या आदल्या संध्याकाळी, वल्हांडणाच्या दिवसांत, येशूने भाकर घेतली, मोडली आणि म्हटलं, हे माझं शरीर. मग प्याला घेतला, हे माझं रक्त. माझ्या स्मरणार्थ हे करा. इजिप्तमधून निघताना कणीक फुगायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून यहुदी त्या सणाला बेखमीर भाकर खातात. खाताना त्यांची भावना अशी, की आपण स्वतःच आज गुलामीतून बाहेर पडतो आहोत. मिस्सातलं स्मरण या जातीचं आहे. गेलेल्या माणसाच्या आठवणीत जेवण घालावं तसं नव्हे. क्रुसावरचं ते एकच अर्पण वेदीवर पुन्हा आपल्यासमोर हजर होतं.

म्हणूनच दोन वस्तू लागतात. भाकरीवर वेगळे शब्द, प्याल्यावर वेगळे. शरीर एकीकडे, रक्त दुसरीकडे, म्हणजे मरण. नुसत्या भाकरीवर मिस्सा होऊ शकत नाही. आणि येशूने जे हातात घेतलं ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं चर्च मानतं. चर्चच्या कॅनन कायद्याच्या 924व्या कलमात स्पष्ट आहे की भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी हवी, द्राक्षारस द्राक्षांचाच हवा, बिघडलेला नको. पूर्वेकडच्या काही चर्चमध्ये भाकर फुगवलेली असते, पण गहू तिथेही सुटत नाही. तांदळाच्या चकतीवर मी सगळे शब्द म्हटले असते तरी मिस्सा झालाच नसता.

आईने विचारलं, “मग माझ्या पोरीने काय करायचं?”

रोमने 2003 साली आणि पुन्हा 2017 साली बिशपांना याच विषयावर पत्रं पाठवली होती. गव्हातलं ग्लुटेन अगदी कमी केलेली चकती चालते, फक्त दुसरं काही न मिसळता तिची भाकर होण्याइतकं ग्लुटेन त्यात उरलेलं हवं. अजिबात ग्लुटेन नसलेली चालत नाही. मुलीच्या डॉक्टरांनी कमी ग्लुटेनवालीही नको म्हटलं. तिथे वाद घालणं माझं काम नव्हे. दुसरी वाट 2003च्या पत्रात होती, फक्त द्राक्षारसातून कम्युनियन. थेंब-दोन थेंब पुरतात. आईने मान डोलावली.

सरावाला मुलीने मला गाठलं. “सगळ्यांना शरीर मिळणार, मला नुसतं रक्त. मला अर्धाच येशू का?” मोठी माणसं हा प्रश्न मनात ठेवतात. मी म्हटलं, मरणात शरीर आणि रक्त वेगळे झाले, पण येशू उठला आहे, जिवंत आहे. जिवंत माणसाचं रक्त त्याच्यापासून वेगळं काढून ठेवलेलं नसतं. जिथे तो आहे तिथे पुरता आहे. इतकी शतकं लोक फक्त भाकर घेत आले, त्यांनाही अर्धा मिळाला नव्हता. तिने लगेच हिशेब केला, “म्हणजे मला कमी नाही.”

खरी मेहनत त्या दिवशी वेदीवर होती. बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही, पण भाकर मोडल्यावर फादर तिचा एक बारीक तुकडा प्याल्यात सोडतो. म्हणजे मुख्य प्याल्यात गहू असतोच. म्हणून तिच्यासाठी लहान वेगळा प्याला ठेवला. त्यातही द्राक्षारसात पाण्याचा थेंब, पण भाकरीचा कण नाही, वर झाकण. तो मांडला वेदीची तयारी करणाऱ्या साक्रिस्तानने, पहिल्या चकतीला हात लागण्याच्या आधी. अभिषेकाच्या वेळी तो मुख्य प्याल्याजवळच होता. कम्युनियनच्या वेळी मुलीला रांगेत सगळ्यांत पुढे घेतलं, आणि तिला प्याला दिला सिस्टरने, कारण माझी बोटं तोवर भाकरीच्या चुऱ्याने भरलेली होती. पुसायचा रुमालही वेगळा. तिने एक घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं आणि आमेन म्हणायचं विसरली. सिस्टरने आठवण करून दिल्यावर जोरात म्हणाली.

मिस्सा संपल्यावर फोटोग्राफर मागे लागला. अल्बममध्ये प्रत्येक मुलाचा जिभेवर चकती ठेवतानाचा फोटो असतो, हिचाच नव्हता. त्याने साक्रिस्तीतून, वेदीचं सामान ठेवायच्या खोलीतून, अभिषेक न झालेली एक चकती मागून घेतली. “फादर, ही साधीच आहे ना? नुसती ओठांशी धरा, एक क्लिक मारतो.” मी काही बोलायच्या आत आईने मुलीला मागे ओढलं.

“साधी असली तरी गव्हाचीच आहे ती,” ती म्हणाली. आजीने फोटोग्राफरला प्याल्याचा फोटो काढायला लावला.