उणे कोणत्या बाजूचे

मंगळवार, रात्र

आज संध्याकाळी अकरावीच्या एका विद्यार्थ्याबरोबर एकाच गणितावर जवळजवळ सव्वा तास गेला. ऊर्जेच्या प्रकरणात गेले तीन आठवडे त्याचे एकच दुखणे चालू आहे. रीत बरोबर असते, सूत्र बरोबर असते, आणि कुठेतरी एक चिन्ह उलटे पडून उत्तर चुकते. मी प्रत्येक वेळी लाल शाईने गोल करून शेजारी ‘चिन्ह!’ असे लिहीत आले, आणि तोही दर वेळी मान डोलावून ते दुरुस्त करीत आला. आज त्याला दुरुस्ती करू न देता मी विचारत बसले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की तो निष्काळजी नाही.

गणित असे होते. जमिनीवर उभ्या ठेवलेल्या स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून ०.४ मीटर उंचीवरून २ किलोग्रॅमचा ठोकळा सोडला आहे. स्प्रिंगचा स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर आहे आणि g १० धरायचा आहे. स्प्रिंग जास्तीत जास्त किती दाबली जाईल? त्याने लिहिले होते mg(h − x) = ½kx². त्यातून 100x² + 20x − 8 = 0 हे वर्गसमीकरण आले, ०.२ आणि −०.४ ही मुळे निघाली, आणि ऋण मूळ सोडून देऊन त्याने ०.२ मीटर या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. खरे उत्तर ०.४ मीटर आहे.

“हे उणे कुठून आले?” मी विचारले.

“मॅडम, ठोकळा स्प्रिंगला लागल्यावर खाली जातो आहे. म्हणून विस्थापन ऋण.”

“मग h धन कसा घेतलास? तेवढे अंतरसुद्धा तो खालीच आला होता की.”

तो जरा थांबला आणि म्हणाला, “पण ती तर उंची आहे ना.”

हे उत्तर मी डोळ्यांसमोर ठेवूनच आता लिहीत आहे. एकाच ठोकळ्याचा एकाच दिशेचा एकच प्रवास. पण त्याचा पहिला तुकडा त्याच्या डोक्यात ‘उंची’ या नावाने बसला, म्हणून त्याला चिन्ह नाही, आणि दुसरा तुकडा ‘विस्थापन’ या नावाने बसला, म्हणून त्याला चिन्ह आहे. गतीच्या प्रकरणात “वर धन, खाली ऋण” असे मीच फळ्यावर चौकट करून लिहून दिले होते, आणि ते त्याने इमानाने जपले. कार्याचे चिन्ह मात्र नुसत्या विस्थापनावरून ठरत नाही, बल आणि विस्थापन यांची दिशा एक आहे की उलट यावरून ठरते. वजनही खाली आणि सरकणेही खाली असेल, तर गुरुत्वाकर्षणाचे कार्य सबंध प्रवासात धनच राहते. हेही मी शिकवले होते, पण त्याला चौकट नव्हती.

हे लगेच सांगण्याऐवजी मी त्याला म्हटले, “तुझ्या उत्तरापाशी ठोकळा थांबला आहे असे तू म्हणतोस. तिथला ऊर्जेचा हिशेब मांडून दाखव.” त्याने मांडला. सुटल्यापासून ठोकळा एकूण ०.६ मीटर खाली आला आणि वजन २० न्यूटन, म्हणजे १२ ज्यूल मिळाले. ०.२ मीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठले ४ ज्यूल. “बाकीचे ८ कुठे गेले?” तो कागदाकडे पाहतच राहिला, आणि मग हळूच म्हणाला, “म्हणजे तो अजून चालू आहे.” वेग काढला तर सेकंदाला सुमारे २.८ मीटर आला. स्प्रिंगला टेकताना ठोकळ्याकडे २० गुणिले ०.४, म्हणजे ८ ज्यूलच होते, हेही त्याने आपण होऊन पाहिले. ज्या जागी त्याने ठोकळा थांबवला होता, नेमक्या त्याच जागी ठोकळ्याचा वेग स्प्रिंगला शिवतानाच्या वेगाएवढा असतो. पहिले ०.१ मीटर वजन स्प्रिंगच्या बलाहून जास्त असते, म्हणून ठोकळा स्प्रिंगवर आदळल्यानंतरही वेग वाढतच जातो, पुढच्या ०.१ मीटरमध्ये तेवढीच वाढ परत जाते. आदळल्याबरोबर वेग कमी व्हायला लागतो असे बहुतेक मुलांना वाटते, त्यालाही वाटत होते.

मग मी त्याला h शून्य करायला सांगितला, म्हणजे ठोकळा स्प्रिंगच्या टोकावर अलगद ठेवून सोडला असे धरायला. त्याच्या समीकरणातून −mgx = ½kx² उरले, आणि त्याला ऋण नसलेले एकच उत्तर, x = 0. दोन किलोचा ठोकळा ठेवला आणि स्प्रिंग तसूभरही दबली नाही! यावर तो स्वतःच हसला.

यानंतर नव्या पानावर आम्ही अक्ष काढला. वरची दिशा धन, शून्य स्प्रिंगच्या न दाबलेल्या टोकापाशी. सुरुवातीला ठोकळा +h वर, शेवटी −x वर, आणि दोन्ही ठिकाणी वेग शून्य. सुरुवातीची ऊर्जा डावीकडे, शेवटची उजवीकडे: mgh = mg(−x) + ½kx². त्याने पेन्सिल त्या उण्यावर टेकवली आणि म्हणाला, “मॅडम, म्हणजे माझे उणे बरोबर होते, फक्त बाजू चुकली.” इतके नेमके निदान मला तीन आठवड्यांत करता आले नव्हते. त्याचे −x शेवटच्या स्थानाच्या ऊर्जेत शोभले असते. त्याने ते गुरुत्वाकर्षणाच्या कार्यात नेऊन ठेवले. बरोबर चिन्हाला पलीकडे नेल्यावर तेच अधिक होते, 100x² − 20x − 8 = 0 मिळते, आणि मुळे ०.४ व −०.२ निघतात.

आकडे तेच आणि चिन्हे उलटी पाहून त्याने विचारले की टाकून दिलेल्या −०.२ ला काही अर्थ आहे का. आहे. ½kx² मध्ये x चा वर्ग असल्यामुळे स्प्रिंग दाबली की ताणली हे त्या पदाला कळत नाही. ठोकळा स्प्रिंगला चिकटला असता, तर परत येताना तो टोकाच्या मूळ जागेवर ०.२ मीटर जाऊन थांबला असता. समतोलाची जागा ०.१ मीटर खाली, आणि तिच्यापासून दोन्हीकडे ०.३ मीटर. आपला ठोकळा चिकटलेला नाही, तो मूळ लांबीपाशी सुटून पुन्हा ०.४ मीटर वर जाईल, म्हणून ते मूळ सोडायचे. पहिल्या वेळी त्याने ऋण मूळ नुसत्या सवयीने सोडले होते.

(मध्येच त्याने तक्रार केली की रसायनशास्त्रात ΔU = q + w लिहितात आणि भौतिकशास्त्रात कार्य दुसऱ्या बाजूला जाते, तर खरे कोणते? दोन्ही खरे, एकीकडे प्रणालीवर केलेले कार्य मोजतात, दुसरीकडे प्रणालीने केलेले. तक्रार अगदीच रास्त आहे.)

निघण्यापूर्वी आम्ही त्याची वही मागे चाळली आणि माझे जुने ‘चिन्ह!’ शेरे एकेक करून पाहिले. पहिल्या तीन ठिकाणी आजचीच चूक निघाली. चौथ्या ठिकाणी खडबडीत उतारावरून घसरणारा ठोकळा होता आणि त्याने ½mv² = mgh + fd लिहिले होते; घसरण्याच्या दिशेला धन मानले, म्हणून घर्षणाचे कार्यही धन. मी काही बोलण्याआधी त्याने f शून्य करून पाहिला, दोन्ही वेग शेजारी शेजारी लिहिले, आणि म्हणाला, “मॅडम, माझा ठोकळा घर्षणामुळे जास्त जोरात पोहोचतोय.” त्याने ते उणे स्वतःच्या पेनने घातले. माझा लाल शेरा तिथे तसाच आहे.