‘पुरात भिजून निकामी’

आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या इश्यू-रिटर्न रजिस्टरमध्ये एक ओळ माझ्या अक्षरात आहे. ‘पीएच इलेक्ट्रोड ई-४. २१ दिवस उशिरा परत. पुरात भिजून निकामी. किंमत वसूल करावी.’ तारीख २९ ऑगस्ट २०१९. त्या ओळीवर दुसऱ्या दिवशीची लाल रेघ आहे, तीही माझीच. जुनी रजिस्टरं माळ्यावर टाकण्याआधी चाळताना ते पान पुन्हा समोर आलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. रजिस्टरचं काम बाहेरून वाटतं तसं नुसतं देणं-घेणं नसतं. बीकर फुटला की तो फुटलेला दिसतो, कुणाच्या हातून फुटला तेही कळतं. पण थर्मामीटर, वजनाचा काटा, पीएच म्हणजे आम्लता मोजायला द्रावणात बुडवायची काचेची कांडी, म्हणजे इलेक्ट्रोड, या वस्तू न फुटता बिघडतात. देताना त्यांची स्थिती नीट लिहिली नसेल, तर बिघाड शेवटच्या सही करणाऱ्याच्या नावावर पडतो. आमच्या रजिस्टरात ‘देतानाची स्थिती’ असा रकाना आहे. तो वरपासून खालपर्यंत ‘ओके’नं भरलेला असतो. पस्तीस मुलांची बॅच दारात उभी असताना मीही तेच लिहीत आलो.

ती मुलगी एम.एस्सी.ची, प्रयाग चिखलीची. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमाचं पाणी पावसाळ्यात कसं बदलतं, हा तिचा प्रोजेक्ट. १ ऑगस्टला तिनं पेटीतला पीएच मीटर आणि ई-४ इलेक्ट्रोड नेला. परतीची तारीख ८ ऑगस्ट. पुढचं कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली आणि आंबेवाडी पाण्यात गेली, महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. कॉलेज उघडलं त्या पहिल्याच शनिवारी मी नेहमीप्रमाणे थकबाकीची यादी लाल शाईत लिहून फलकावर लावली. चौदा नावं होती. त्यांतली नऊ पुराच्या गावांतली होती. मला ते यादी लिहिताना दिसलं नाही, मामांनी दाखवलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. “सर, ह्या पोरांची घरं बघून आलाय का? अन् तुम्ही ब्युरेट मागताय व्हय?” यादी मी काढली, पण ती दोन दिवस तिथंच होती आणि मुलांनी वाचली होती.

२९ तारखेला, गुरुवारी, ती पेटी घेऊन आली. पेटीच्या बुडाला चार बोटं गाळाची रेघ होती. तिनं सांगितलं, निघताना पेटी माळ्यावर ठेवली होती, पाणी माळ्याच्या फळीला लागलं, आत शिरलं नाही. पेटी उघडली तर आतला स्पंज कोरडा. इलेक्ट्रोडच्या टोपणातलं पाणी मात्र आटलं होतं आणि काचेच्या गोळ्याभोवती मिठाचे पांढरे खडे जमले होते. हे मीठ पुराचं नाही. इलेक्ट्रोड ज्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात, ते वाळलं की उरतं.

मी चाचणी घेतली, पीएच आधीच ठरलेल्या द्रावणांत, म्हणजे बफरमध्ये. विभागप्रमुख मॅडम शेजारी उभ्या होत्या. चांगला इलेक्ट्रोड सातच्या बफरमध्ये जवळजवळ शून्य मिलिव्होल्ट देतो आणि चारच्या बफरमध्ये सुमारे १७७, कारण २५ अंशाला दर पीएचमागे साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. या अपेक्षित फरकाच्या जेवढे टक्के खरे मिळतात, त्याला आम्ही स्लोप म्हणतो. ई-४ नं सातला ६ दाखवले आणि चारला ११२. फरक १०६, म्हणजे स्लोप ६० टक्के. शिवाय आकडा स्थिर व्हायला तीन-साडेतीन मिनिटं लागत होती. मॅडमनी आकडा पाहिला, गाळाची रेघ पाहिली आणि म्हणाल्या, “भिजलाय. लिहा. पुढच्या आठवड्यात परीक्षा अर्जांवर सह्या आहेत, त्याआधी वसूल व्हायला हवं.” मी लिहिलं. उशिराचा दंड रोज दहा रुपयांप्रमाणे २१० होता, तो मॅडमनी तिथल्या तिथे माफ केला. इलेक्ट्रोडचे १,८५० मात्र माफ करणं त्यांच्या हातात नव्हतं. मुलगी काही बोलली नाही. उद्या भरते म्हणाली.

ती गेल्यावर मला चैन पडेना. पाणी शिरलेला किंवा तडा गेलेला इलेक्ट्रोड असा वागत नाही. काचेच्या गोळ्याला तडा असेल तर तो दोन्ही बफरमध्ये एकच आकडा दाखवतो, चार असो की सात. हा दोघांत फरक दाखवत होता, फक्त कमी आणि सावकाश. म्हणजे काच शाबूत होती. तिच्यावर काहीतरी होतं, किंवा ती नुसती कोरडी पडली होती. कोरडी पडलेली काच रात्रभर तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवली की बहुतेक वेळा परत येते. मी ई-४ तसा ठेवून घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी स्लोप ७४ होता. सातला ८, चारला १४०. सुधारला, पण थांबला, आणि आकडा अजूनही रेंगाळत होता. कोरडेपणानं घेतलेलं परत आलं होतं, तरी बरंच काही उरलं होतं. ते कुठून आलं, हा प्रश्न मग रजिस्टरलाच विचारला. ई-४ चं नाव मागे मागे शोधत गेलो. १८ ते २९ जुलैच्या दरम्यान तो चार वेळा बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला दिला होता. प्रयोग: दुधाची आम्लता आणि पीएच. दूध मुलं घरून आणतात आणि ते म्हशीचं, साय धरणारं. चारही नोंदींवर परत येताना ‘ओके’. फक्त २५ जुलैच्या ओळीत समासात पेन्सिलीनं दोन शब्द: ‘थांबत नाही.’ अक्षर मामांचं.

मामांना विचारलं. “व्हय की. त्या दिवशी पोरं म्हणत हुती आकडा पळतोय. मी लिवलं. दुधातनं काढत्यात, बाटलीच्या पाण्यात बुचकाळत्यात अन् ठेवून देत्यात. धूत कोण न्हाई.” तिथंच गोम होती. डिस्टिल्ड पाण्यानं दुधाचा पांढरेपणा जातो, प्रथिनाचा थर जात नाही. तो काचेवर आणि बाजूच्या सच्छिद्र तोंडावर बसत जातो, आणि चार वेळा बसला की इलेक्ट्रोड आळसावतो. प्रयोगाच्या सूचनापत्रावर ‘इलेक्ट्रोड धुवावा’ इतकंच छापलंय, कशानं ते नाही. ते पत्र दर वर्षी झेरॉक्स होतं आणि कुणी वाचत नाही, शिकवणारेही नाहीत.

पण हा माझा अंदाज होता. मॅडमसमोर गाळाच्या रेघेविरुद्ध अंदाज टिकला नसता. भिंगातून गोळ्यावर साबणाच्या फेसासारखा पुसट पडदा दिसत होता. आधी पातळ साबणाचं कोमट पाणी दिलं, स्निग्ध असेल तर जावं म्हणून. मग पंधरा मिनिटं ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, गाळाचे क्षार असतील तर ते सुटावेत म्हणून. पुन्हा मोजलं, फरक जवळजवळ नाही. मग प्राणिशास्त्र विभागातून पेप्सिन मागून आणलं. शंभर मिलिलिटर त्याच आम्लात एक ग्रॅम पेप्सिन घातलं आणि त्यात इलेक्ट्रोड तासभर ठेवला. पेप्सिन म्हणजे पोटातलं पाचकद्रव्य, ते प्रथिनच तोडतं. नदीच्या गाळाला ते काही करत नाही.

तो तास चालू असतानाच, बाराच्या सुमाराला ती मुलगी १,८५० रुपयांची पावती घेऊन आली. मी तिला बसवलं आणि प्रोजेक्टची वही मागितली. निघताना ती वही पिशवीत घेऊन निघाली होती. १ ऑगस्टच्या पानावर, इथून नेल्याच्या दिवशीच, तिनं दोन्ही बफर घेऊन मोजणी केली होती आणि खाली लिहिलं होतं: ‘स्लोप ७८%.’ २ ऑगस्टला संगमावरच्या नोंदीत: ‘वाचन स्थिर व्हायला ४ मिनिटं.’ तेव्हा पूर यायचा होता. मी विचारलं, हे सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “सर, तुमच्या रजिस्टरात ‘ओके’ लिहिलेलं होतं. मला वाटलं असाच असतो.”

त्या ‘ओके’खाली माझी सही होती.

पेप्सिननंतर भरपूर धुऊन दोन तास पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवला आणि अडीच वाजता मॅडमना बोलावून मोजला. सातला ५, चारला १७४. फरक १६९, स्लोप ९५. आकडा मिनिटाच्या आत थांबला. मॅडम बराच वेळ मीटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “रजिस्टर आणा.” आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. मूळ मजकूर वाचता येईल अशी एक लाल रेघ, शेजारी तारीख आणि सही, आणि नवी नोंद पुढच्या मोकळ्या ओळीत. मी लिहिलं: ‘ई-४ चालू स्थितीत. स्लोप ९५. बिघाड जुलैमधील दूध प्रयोगांतील प्रथिनाचा थर. साठवण द्रावण आटल्याने भर. विद्यार्थिनीकडून वसुली चुकीची.’ मॅडमनी सही केली. माफ करा असं त्या मुलीला मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या नाहीत, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

दुधाच्या चार बॅचेसपैकी कुणालाही काही झालं नाही. व्हायला हवं होतं असंही नाही, वीस-बावीस मुलांत कुणाच्या नावावर टाकणार? पण एकट्या मुलीच्या नावावर टाकताना आम्हाला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. पैसे परत मिळायला मात्र जानेवारी उजाडला. ‘ब्रेकेज’ या शीर्षाखाली जमा झालेली रक्कम परत द्यायची पद्धत अकाउंट्सला माहीत नव्हती. प्राचार्यांची मंजुरी, माझ्या नोंदीची प्रत, मग रजिस्टरचं मूळ पान पुन्हा बघायला मागितलं. गावातलं घर उभं करायला ज्यांना एकेक रुपया लागत होता, त्यांचे १,८५० चार महिने आमच्या खात्यात पडून राहिले.

त्या ऑगस्टनंतर मी इलेक्ट्रोडसाठी वेगळं रजिस्टर आखलं. ‘स्थिती’च्या जागी दोन रकाने आहेत: सातच्या बफरचा आकडा आणि चारच्या बफरचा आकडा. देताना आणि घेताना दोन्ही वेळा. एका इलेक्ट्रोडला चार मिनिटं लागतात, बॅच दारात खोळंबते आणि नवे प्राध्यापक कुरकुरतात. दुधाच्या प्रयोगाला ई-७ आणि ई-८ वेगळे काढलेत, त्यांना पिवळी चिकटपट्टी आहे, आणि दर शुक्रवारी मामा स्वतः त्यांना पेप्सिनमध्ये घालतात.

ती मुलगी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राहिलेल्या मोजण्यांसाठी पुन्हा आली. मी ई-४ काढला, पेटी पुढं केली, रजिस्टर फिरवून तिच्यासमोर ठेवलं. तिनं पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. आधी बोट रकान्यावर ठेवून दोन्ही आकडे वाचले, मग बफरच्या बाटल्या मागितल्या आणि स्वतः मोजले.