अठरा माड आणि फिशरची अचूक चाचणी

गुहागरजवळ माझ्या काकांची नारळाची वाडी आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधायला मला लांब जावंच लागलं नाही, कारण त्या वर्षी काकांच्या तोंडी एकच तक्रार होती, गेंड्या भुंग्याची. हा भुंगा माडाच्या न उमललेल्या सुरळीत शिरून आतली कोवळी पानं कुरतडतो. पुढे तो झाप उमलतो तेव्हा कात्रीने त्रिकोणी काप घेतल्यासारखा दिसतो. लहान माडाचा कोंबच खाल्ला गेला तर माड मरतो. पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू भरली की भुंगा कमी लागतो असं सांगतात. काकांच्या माडांवर तसं होतं का, ते मला पाहायचं होतं.

वाडीत साधारण एकाच वयाचे १८ लहान माड होते. चिठ्ठ्या टाकून ९ निवडले आणि पावसाच्या तोंडावर त्यांच्या बेचक्यांत पेंड-वाळू भरली. उरलेले ९ तसेच ठेवले. चिठ्ठ्या टाकताना काका म्हणाले, "अगो, खड्ड्याकडचे माड आधी भर, तिथेच भुंगा जास्त." हा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि म्हणूनच मी ते ऐकू शकत नव्हते. पेंड भरलेले सगळे माड खड्ड्यालगत आणि न भरलेले लांब असे झाले असते, तर दिसलेला फरक पेंडीचा की जागेचा, हे कुठल्याही चाचणीला सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरअखेर मोजणी केली. पेंड भरलेल्या ९ पैकी १ माडाला भुंगा लागला होता, न भरलेल्या ९ पैकी ५ माडांना. म्हणजे १८ पैकी ६ लागलेले, १२ निरोगी. एकीकडे १, दुसरीकडे ५ पाहून मला फार आनंद झाला.

त्याच रात्री स्प्रेडशीटमध्ये काय-स्क्वेअर काढला. कृती तशी सोपी आहे. पेंडीचा काहीच परिणाम नसेल असं धरलं, तर १८ पैकी ६, म्हणजे तिसरा हिस्सा माडांना भुंगा लागणार. दोन्ही गटांत ९-९ माड आहेत, तेव्हा प्रत्येक गटात ३ लागलेले आणि ६ निरोगी अपेक्षित. चारही घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येत २ चा फरक आहे. त्याचा वर्ग ४. तो अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की ४/३ + ४/३ + ४/६ + ४/६, बरोबर ४. पाच टक्क्यांची सीमा ३.८४. पी-मूल्य, म्हणजे पेंडीचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०४५५ आलं. मी अहवालात लिहून टाकलं की उपचार परिणामकारक आहे.

मार्गदर्शक सरांनी मसुदा परत दिला तेव्हा त्या तक्त्याशेजारी पेन्सिलीने तीनच शब्द होते: "अपेक्षित संख्या किती?"

मला वाटलं, तक्त्यात १ आणि ४ असे लहान आकडे दिसले म्हणून त्यांनी विचारलं असावं. तसं नव्हतं. नियम प्रत्यक्ष मोजलेल्या संख्येबद्दल नाही, अपेक्षित संख्येबद्दल आहे. एखाद्या घरात प्रत्यक्ष ० असूनही अपेक्षित संख्या १० असेल तर काय-स्क्वेअरला अडचण नाही. माझ्या तक्त्यात मात्र चारपैकी दोन घरांत अपेक्षित संख्या ३ होती आणि प्रचलित संकेत किमान ५ चा आहे. स्प्रेडशीटने याबद्दल मला काहीही सांगितलं नव्हतं. आर या संगणक-भाषेत तोच तक्ता टाकला तेव्हा लगेच इशारा आला:

```
t <- matrix(c(1, 5, 8, 4), nrow = 2)
chisq.test(t)
# Chi-squared approximation may be incorrect
```

त्यात आणखी एक गोंधळ झाला. आरने उत्तर ४ न देता २.२५ दिलं आणि पी-मूल्य ०.१३३६. कुठे चुकलं म्हणून मी तासभर आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. चुकलं काहीच नव्हतं. दोन बाय दोनच्या तक्त्याला आर आपणहून येट्सची दुरुस्ती लावतो, म्हणजे प्रत्येक फरकातून अर्धा वजा करतो. `correct = FALSE` लिहिलं की पुन्हा ४ येतो. एकच तक्ता, एकच चाचणी, आणि एक उत्तर सीमेच्या अलीकडे तर दुसरं पलीकडे. आता यातलं मानायचं कुठलं?

सर म्हणाले, "दोन्ही अंदाजच आहेत. तुझ्याकडे अठराच माड आहेत ना? मग अंदाज कशाला, मोजच."

मोजायचं म्हणजे काय, ते मला वाडीतच कळलं. काकांकडून १८ सुपाऱ्या घेतल्या, त्यातल्या ६ गेरूने रंगवल्या आणि पिशवीत घातल्या. रंगवलेली सुपारी म्हणजे भुंगा लागलेला माड. पेंडीचा काही उपयोग नसेल, तर हे ६ माड कसेही लागणारच होते. माझ्या चिठ्ठ्यांनी त्यांतले किती पेंडीच्या गटात टाकले, एवढाच काय तो योगायोग. म्हणून न बघता ९ सुपाऱ्या काढायच्या आणि त्यांत रंगीत किती ते पाहायचं. काकाही ओटीवर येऊन बसले आणि आम्ही ५० वेळा काढल्या. १ किंवा त्याहून कमी, नाहीतर ५ किंवा त्याहून जास्त रंगीत सुपाऱ्या, असं ७ वेळा झालं. ज्या निकालावर मी इतकी खूश होते, तसा निकाल पेंडीशिवाय, नुसत्या सुपाऱ्यांनीही दर सातेक वेळांत एकदा दिला होता.

फिशरची अचूक चाचणी हेच करते, फक्त पिशवीऐवजी गणिताने. १८ मधून लागलेले ६ माड कोणते, याच्या १८५६४ शक्यता आहेत. त्यांतल्या किती शक्यतांमध्ये पेंडीच्या गटात ० लागलेले येतात, कितींमध्ये १, असं मोजत गेलं की वहीच्या एका पानात काम होतं. ० येण्याचे प्रकार ८४. १ येण्यासाठी पेंडीच्या ९ मधून १ आणि दुसऱ्या ९ मधून ५ निवडायचे, म्हणजे ९ गुणिले १२६, ११३४. पुढे २ साठी ४५३६ आणि ३ साठी ७०५६. दोन्ही गट सारखे असल्यामुळे ४, ५, ६ साठी हेच आकडे उलट क्रमाने. सगळ्यांची बेरीज १८५६४ येते का ते पाहावं. आली, की मोजणी बरोबर.

आता आपल्या निकालाइतके किंवा त्याहून दुर्मीळ प्रकार घ्यायचे. ० आणि १ चे मिळून १२१८, आणि दुसऱ्या टोकाचे ५ आणि ६ चे तितकेच. एकूण २४३६ भागिले १८५६४, म्हणजे ०.१३१. दोन्ही टोकं घ्यायची, कारण पेंडीमुळे भुंगा वाढला असता तर तेही मी नोंदवलंच असतं. फक्त एक टोक घेतलं तर ०.०६६ येतं. माझं मन तिकडे वळत होतं, पण एका बाजूची चाचणी करायची तर ते मोजणीच्या आधी ठरवायला हवं होतं. आणि तरीही आकडा सीमेच्या आत येत नव्हताच. आरमध्ये हे सगळं एका ओळीत होतं:

```
fisher.test(t)
```

स्प्रेडशीटमध्ये `=HYPGEOM.DIST(1,9,6,18,TRUE)` लिहिलं की एका टोकाचे ०.०६६ मिळतात. पण गटांत माडांची संख्या वेगळी असेल, तर दोन टोकांसाठी त्याची नुसती दुप्पट करू नये. आर प्रत्येक शक्य तक्त्याची संभाव्यता काढून, आपल्या तक्त्याइतकी किंवा त्याहून कमी असलेल्यांची बेरीज करतो. माझे गट ९-९ होते म्हणून दुप्पट जुळली.

वहीतल्या त्या पानावर मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि काय-स्क्वेअर इथे का फसतो ते तिच्यामुळे पक्कं समजलं. ९-९ माड आणि ६ लागलेले, हे ठरल्यावर तक्ते फक्त सात होऊ शकतात. त्या सातांचे काय-स्क्वेअर काढले तर चारच किमती मिळतात: ०, १, ४ आणि ९. मध्ये काहीच नाही. काय-स्क्वेअरची वक्ररेषा मात्र सलग असते. ३.८४ ही सीमा त्या रेषेवरची. माझ्या माडांच्या जगात १ नंतर एकदम ४ येतो, आणि तो ४ रेषेवर जेमतेम सीमेपलीकडे पडला म्हणून मला ०.०४५५ मिळालं. अपेक्षित संख्या मोठ्या असत्या तर पायऱ्या इतक्या बारीक झाल्या असत्या की रेषा आणि पायऱ्या एकच वाटल्या असत्या.

याच पायऱ्यांमुळे फिशरच्या चाचणीवरही आक्षेप घेतात, आणि तो मला रास्त वाटतो. माझ्या तक्त्यात पी-मूल्य ०.१३१ नंतर थेट ०.००९ वर उतरतं, तेही पेंडीच्या गटात एकही माड लागला नसता तर (किंवा सहाही लागले असते तर). म्हणजे मी पाच टक्के म्हणत असले, तरी प्रत्यक्षात एक टक्क्याहूनही कडक कसोटी लावत होते. शिवाय फिशर यांनी १९३५ साली सांगितलेल्या, कपात दूध आधी घातलं की चहा हे चवीवरून ओळखण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात तक्त्याच्या आडव्या-उभ्या दोन्ही बेरजा आधीच ठरलेल्या होत्या: आठ कप, चारांत दूध आधी, आणि चाखणाऱ्या बाईंना चारच निवडायचे हे माहीत होतं. माझ्याकडे ९-९ ठरलेले होते, पण लागलेले ६ असतील हे कोणी ठरवलं नव्हतं. अशा वेळी ही चाचणी गरजेपेक्षा जास्त सावध राहते. तरीही मी तीच ठेवली. सावधपणामुळे खरा परिणाम हातून निसटू शकतो, पण नसलेला परिणाम काकांच्या गळ्यात मारला जात नाही.

एका मैत्रिणीने सुचवलं की माडांऐवजी झाप मोज, प्रत्येक माडाचे सहा धरले तर शंभराच्या वर संख्या होईल आणि काय-स्क्वेअर चालेल. आकडे खरंच मोठे झाले असते. पण भुंगा एका माडात शिरला की त्याच सुरळीतले दोन-तीन झाप एकदम कापले जातात. ते स्वतंत्र निकाल नाहीत, एकाच भुंग्याचं एकच काम आहे. चिठ्ठी मी माडाची टाकली होती, झापाची नाही, म्हणून मोजणीही माडांचीच.

अहवालातलं वाक्य बदललं: "पेंड भरलेल्या ९ पैकी १ व न भरलेल्या ९ पैकी ५ माडांना प्रादुर्भाव झाला (फिशरची अचूक चाचणी, दोन्ही बाजू, पी = ०.१३)." त्याखाली ऑड्सचं गुणोत्तर दिलं, म्हणजे प्रत्येक गटात लागलेले भागिले निरोगी काढून त्या दोन आकड्यांचा भागाकार; तो १ आला तर गटांत फरक नाही. हाताने काढलं तर (१×४)/(८×५), म्हणजे ०.१०. आर ०.११५ दाखवतो, कारण तो दोन्ही बेरजा ठरलेल्या धरून वेगळ्या रीतीने काढतो. ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.००२ पासून सुमारे १.५ पर्यंत पसरली होती. पेंड फार उपयोगी असू शकते आणि अजिबात नसूही शकते, दोन्ही त्यात मावतं. "परिणाम नाही" असं मी कुठेही लिहिलं नाही, कारण १८ माडांवरून तेही सिद्ध होत नव्हतं.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग किती माड हवे होते?" मी तिथेच हिशोब केला. हेच प्रमाण राहून माड दुप्पट असते, १८ पैकी २ आणि १८ पैकी १०, तर पी-मूल्य ०.०१२ आलं असतं. प्रमाण तसंच राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, हेही सांगितलं. काकांनी शेजारच्या वाडीकडे बघितलं. तिथे त्याच वयाचे वीसेक माड आहेत. मे महिन्यात चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या आहेत, या वेळी प्रत्येक वाडीच्या वेगळ्या.