रामायणातले चार राम-लक्ष्मण

१९८७ साली मी सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात टीव्ही दुरुस्तीला होतो. रामायण सुरू होऊन काही महिने झाले होते आणि शनिवारी दुकानात एकच गर्दी उसळायची, कारण रविवारी सकाळी साडेनऊला संच चालू पाहिजेच. अशाच एका शनिवारी मंद्रूपच्या पुढच्या एका गावाहून सरपंच स्वतः आले. ग्रामपंचायतीचा संच होता, लाकडी पेटीतला, वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट.

"मिस्त्री, एकाची दोन माणसं दिसायलेत. राम-लक्ष्मण चार झालेत."

वळिवाच्या वावटळीत अँटेना पडली होती आणि पोरांनी ती पुन्हा जोडून उभी केली होती, तेव्हापासून हा प्रकार. मुंग्या येतात का, असं मी विचारलं. थोड्या येतात म्हणाले. निव्वळ मुंग्या असत्या तर सिग्नल कमी पडतोय असं समजलो असतो. पण दुसरं माणूस दिसतंय म्हणजे तोच सिग्नल दोन वाटांनी येतोय. एक सरळ सोलापूरहून, दुसरा कशावर तरी आपटून, लांबचा फेरा मारून, जरा उशिरा.

रविवारी पहिल्या एसटीने गेलो. पोचलो तेव्हा पंचायतीसमोर सडा टाकला होता, संचाला झेंडूचा हार होता, खाली उदबत्ती. चपला बाहेर काढून बायका आधीच पुढे बसलेल्या. मी संच सुरू केला. प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे तिची सावली होती आणि ती जवळजवळ मूळ चित्राइतकीच ठळक होती. हे मला खटकलं. एरवी आपटून आलेला सिग्नल मार खाऊन येतो, सावली फिकट असते.

पडद्यावर पट्टी लावली. सावली दोन सेंटिमीटर सरकलेली होती. वीस इंची पडदा सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंद, आणि चित्राची एक ओळ डावीकडून उजवीकडे काढायला बावन्न मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण १.३ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात लहरी ३९० मीटर जातात. दोन सेंटिमीटर म्हणजे पावणेआठशे मीटरचा फेरा. जाऊन-येऊन धरलं तर आपटण्याची जागा अँटेनाच्या मागे चारेकशे मीटरवर. माळवदावर चढून दक्षिणेकडे पाहिलं, तर गावाबाहेर पत्र्याचं मोठं गोदाम लखलखत होतं.

गोदाम तर आधीपासूनचं होतं, मग आताच सावली का? अँटेनाकडे नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मधली वळवलेली नळी जागच्या जागी होती, कारण ती ओळखू येते. पण बाकीच्या काड्या सारख्याच वाटतात. सगळ्यात लांब काडी पाठीमागे, म्हणजे सोलापूरच्या विरुद्ध बाजूला लागते. ती मागून येणाऱ्या लहरी अडवते. पुढच्या आखूड काड्या समोरचा सिग्नल ओढतात. फरक दोन-तीन बोटांचाच, जमिनीवर पडलेल्या काड्यांत तो कुणाच्या लक्षात येणार? पोरांनी लांब काडी पुढे आणि आखूड काड्या मागे बसवल्या होत्या. सोलापूरचा सिग्नल अडवला जात होता आणि गोदामाकडून येणारा ओढला जात होता. मुंग्याही त्यामुळेच होत्या.

साडेनऊला काही मिनिटं उरली होती. अख्खा दांडा उपसून काड्या उलटवल्या, स्क्रू आवळले, चपटी वायर लोखंडी नळीला चिकटू नये म्हणून लाकडी ठोकळ्यावरून घेतली, आणि मग नेहमीचा गजर सुरू झाला.

"आलं का?"

"आलं! ... गेलं! ... थांबा, तिथंच धरा!"

मालिकेचं संगीत सुरू झालं आणि खालची सगळी माणसं एकदम गप्प झाली. मी खाली उतरून पाहिलं. पडद्यावर एकच राम होता. सावलीची नुसती फिकट कडा उरली होती, ती मात्र गेली नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देवाला एकटं केलं की रे बाबा." त्या रागावल्या की काय, मला कळेना.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा त्याच गावातल्या एकाचा फोन आला. त्या वेळी तो सात-आठ वर्षांचा होता. रंगीत पाहून त्याला ते खरं वाटेना. "आमच्या रामायणात सगळ्यांना सावली होती, काका. राक्षसांची माया दाखवायला तसं काढलंय, असं मला कैक वर्षं वाटत होतं." त्याला काड्यांचा उलगडा सांगितला, गोदामाचाही सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते असू दे. पण मला ते दोघं-दोघंच आठवतात."