मण्यारीची केस लिहिताना आधी घड्याळं जुळवावी लागली

मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला असताना कोल्हापुरात आमच्या वॉर्डात एक रुग्ण आला होता. तिशीतला, शेतात राबणारा माणूस. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपला आणि पहाटे चारच्या सुमारास पोटात कळ येऊन उठला. सकाळपर्यंत पापण्या मिटू लागल्या, घोट उतरेना, आणि दुपारच्या आत तो व्हेंटिलेटरवर गेला. अंगावर दंशाची खूण नव्हती, सापही कुणी पाहिला नव्हता. दोन आठवड्यांनी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्याची केस जर्नलसाठी लिहिताना मला सात महिने लागले. त्यातला बराच काळ चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे गेला.

मी आधी प्रस्तावना लिहायला घेतली. भारतातले सर्पदंश, चार प्रमुख विषारी साप, विषाचे प्रकार असं दीड पान झालं. माझ्या गाइड सरांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पापणी कधी पडली आणि सापाच्या विषावरची लस कधी सुरू झाली, यात किती तास गेले?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "मग प्रस्तावना राहू दे. आधी टाइमलाइन कर."

केस रिपोर्टसाठी २०१३ साली आलेली 'केअर' नावाची तेरा कलमांची मार्गदर्शक यादी आहे आणि बरीच जर्नलं ती भरून मागतात. टाइमलाइन हे तिच्यातलं स्वतंत्र कलम आहे. मला वाटलं होतं, मजकूर झाला की शेवटी एक तक्ता जोडायचा. प्रत्यक्षात तो तक्ता आधी केल्यामुळे माझ्या मजकुरातली निम्मी विधानं गळून पडली.

वेळा सहा ठिकाणी विखुरल्या होत्या: कॅज्युअल्टीचा कागद, सिस्टरांचा चार्ट, व्हेंटिलेटरची शीट, लशीच्या मागणीचा इंडेंट, सीटीची फिल्म आणि नातेवाइकांची आठवण. त्या एकमेकींशी जुळेनात. सीटीच्या फिल्मवरची वेळ नळी घातल्याच्या नोंदीच्या वीस मिनिटं आधीची होती, पण सीटीत घशातली नळी स्पष्ट दिसत होती. म्हणजे दोन्हींपैकी एक घड्याळ नक्की चुकत होतं. मी सीटीच्या खोलीत जाऊन मशीनची वेळ मोबाइलशी ताडून पाहिली, तर मशीन जवळपास पंचवीस मिनिटं मागे होतं. तेव्हापासून मी सिस्टरांचा चार्ट पाया धरला, कारण तो त्याच वेळी भरला जातो. डॉक्टरांच्या नोंदी गडबड संपल्यावर लिहिलेल्या असतात, माझ्यासुद्धा. जिथे दोन नोंदी जुळल्या नाहीत तिथे 'सुमारे' असं लिहिलं.

शून्य कुठे धरायचा, हा पुढचा प्रश्न होता. पहिल्या मसुद्यात मी 'रात्री दोन वाजता दंश' असं ठोकून दिलं होतं. ते कुणीच पाहिलेलं नव्हतं, मीच मागे मोजून काढलेलं होतं. मण्यारीचे दात बारीक असतात, दंश अनेकदा दुखतही नाही आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून शून्य धरला तो पोटात कळ आली तो क्षण. तारखा पूर्ण काढून टाकल्या, कारण दाखल झाल्याची तारीख आणि तालुका एवढ्यावरून आमच्या भागात माणूस ओळखता येतो. शेवटी उरलं ते असं:

तास ०: पोटात कळ, दोन उलट्या
तास २: गावातल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन
तास ४: पापण्या जड, घोट उतरत नाही
तास ६.५: आमच्याकडे दाखल; शुद्धीत, आवाज नाकातून
तास ७.५: नळी घालून व्हेंटिलेटर, त्यानंतर सीटी, मेंदू नॉर्मल
तास १०: एएसव्ही म्हणजे विषावरच्या लशीच्या १० व्हायल, त्याच सुमारास निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन
तास १२: आणखी १० व्हायल
तास २८: हालचाल शून्य, बाहुल्या रुंद, उजेडाला प्रतिसाद नाही
दिवस ५: हाताचं बोट हललं, पापण्या किंचित उघडल्या
दिवस ९: नळी काढली
दिवस १४: घरी

हे समोर मांडल्यावर माझं एक वाक्य मला खोडावं लागलं: 'लस दिल्यावर रुग्णात लक्षणीय सुधारणा झाली.' सुधारणा लशीनंतर झाली हे खरंच होतं, पण चार दिवसांनी. मधल्या काळात तर तो आणखी खालावला होता. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. ती टोकं पुन्हा उभी राहायला दिवस जातात आणि एकदा आलेला लकवा लस मागे फिरवत नाही. लस रक्तात अजून फिरणारं विष बांधते, म्हणून ती द्यायचीच असते. पण या माणसाला तगवलं ते व्हेंटिलेटरने आणि रात्रंदिवस त्याचा घसा साफ करणाऱ्या हातांनी. चर्चेच्या भागात हे सरळ लिहिलं. एका रुग्णावरून कुठलं औषध लागू पडलं हे सिद्ध होत नाही. कशानंतर काय घडलं, एवढंच केस रिपोर्ट सांगू शकतो.

निष्कर्षांच्या परिच्छेदात सरांनी आणखी एक बोट ठेवलं. जे सापडलं ते मी लिहिलं होतं, जे शोधूनही सापडलं नाही ते नव्हतं. वीस मिनिटांत रक्त नीट गोठलं होतं, कुठे सूज नव्हती, ताप नव्हता, संवेदना शाबूत होत्या, आणि आला तेव्हा तो सांगितलेलं सगळं ऐकून बोट उचलत होता. घोणसाने रक्त गोठण्यात सहसा बिघाड होतो, नागाच्या दंशाला बहुधा सूज येते, आणि मेंदूच्या झटक्यात अशी वरून खाली उतरत जाणारी, दोन्ही बाजूंना सारखी कमजोरी बसत नाही. निदान या 'नाही'च्या रांगेवरच उभं होतं. हे 'नाही' वाचकाला दिले नाहीत तर त्याने फक्त आमच्यावर विश्वास ठेवायचा, असं होतं.

शीर्षकातही 'मण्यारदंश' न लिहिता 'संभाव्य मण्यारदंश' असं केलं. साप पाहिलेला नाही, आणि रक्तातलं विष ओळखणारी तपासणी आमच्याकडे नाही. 'पहिलीच केस' हे शब्दही काढले. मण्यारीच्या लकव्यात माणूस मेंदूमृत वाटू शकतो, हे याआधी अनेकांनी नोंदवलेलं आहे. मग आमच्या केसमध्ये नवीन काय? पोटाची कळ आणि पापणी पडणं यांत चार तासांचं अंतर होतं आणि त्या दोन गोष्टी दोन वेगळ्या दवाखान्यांतल्या दोन वेगळ्या कागदांवर होत्या. आमच्याकडे आल्यावर साडेतीन तास आम्ही मेंदूचा झटका आणि पायांपासून वर चढत जाणारा लँड्रीचा लकवा यांतच घुटमळलो. आमच्या वरिष्ठ मॅडमनी त्याच्या बायकोला "रात्री झोपला कुठं होता?" असं विचारलं, तेव्हा दोन्ही कागद एकत्र आले. रिपोर्टचा मुद्दा तेवढाच ठेवला, आणि उशीर आमच्याकडे झाला हेही त्यात लिहिलं.

संमतीचं मला सोपं वाटत होतं. दाखल करताना भावाने सही केलेला फॉर्म फाइलला होता. सरांनी तो वाचायला लावला. त्यात उपचाराला संमती होती, 'शैक्षणिक वापरा'चीही एक ओळ होती, पण छापण्याला नव्हती. शिवाय सही भावाची, आणि रुग्ण आता पूर्ण शुद्धीत. म्हणजे संमती त्याचीच हवी, आणि जर्नलच्या स्वतःच्या फॉर्मवर हवी. आमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीला पत्र दिलं ते वेगळं. कमिटीचं पत्र रुग्णाच्या संमतीची जागा घेत नाही.

तो फेरतपासणीला आला तेव्हा मी अख्खा मसुदा मराठीत करून ठेवला होता. तो आणि त्याची बायको ओपीडीच्या मागच्या खोलीत बसले आणि मी वाचत गेले. नाव, गाव येणार नाही. पण ओळखीचा कुणी वाचून ओळखू शकेल, याची पूर्ण हमी देता येत नाही. छापून येईपर्यंत नकार देता येईल, नंतर ते मागे घेता येणार नाही. 'नको' म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही. हे सगळं सांगितलं. पापण्यांचे फोटोही दाखवले. डोळ्यांवर काळी पट्टी मारली तरी माणूस ओळखू येतो, म्हणून जर्नलं ती पुरेशी मानत नाहीत, आणि इथे तर डोळेच दाखवायचे होते. त्याची बायको फोटो बघून म्हणाली, "ह्ये नगा घालू, म्याडम." फोटो काढून टाकले. त्या फाइलींच्या नावातच मी त्याचं आडनाव आणि रुग्णालयातला आयपी नंबर घातला होता, हे मला तेव्हाच दिसलं. त्या तशाच पाठवल्या असत्या तर मजकुरातून नाव काढण्याचा काही उपयोग नव्हता.

त्याने एकच बदल मागितला. "गावातल्या डाक्टरास्नी बोल लागंल असं काय लिवू नगा. रातीबेराती त्येच येत्यात." 'चुकीचं निदान झालं' असे माझे शब्द होते. त्या जागी 'पोटदुखीवर उपचार झाले' असं लिहिलं. वैद्यकीयदृष्ट्याही तेच नेमकं होतं, कारण दुसऱ्या तासाला पापणी पडलेलीच नव्हती.

तास २८ ची ओळ वाचली तेव्हा त्याने मला थांबवलं.

"म्याडम, तवा मला समदं ऐकू येत हुतं."

मी बायकोकडे पाहिलं. तिलाही हे नवीन होतं. तो सावकाश सांगत राहिला. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, पण बायको उशाशी येऊन म्हशीनं दूध आटवलंय म्हणून रडत होती, ते त्याला कळत होतं. कुणीतरी "आता काय राहिलं नाही ह्यात" असं म्हणालेलंही त्याने ऐकलं होतं. म्हशीचं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायच्या वेळचं, हे बायकोने लगेच ओळखलं. सिस्टरांच्या चार्टवर बाहुल्यांची नोंद त्याच सकाळची होती.

चार्टवर मी स्वतः 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं होतं. झोपेचं औषध त्याला फक्त नळी घालताना दिलं होतं, पुढे बंद केलं होतं. हेही मी नंतर शोधून काढलं आणि मजकुरात घातलं. केअरच्या यादीत 'रुग्णाचं म्हणणं' असं एक कलम आहे. मी तिथे 'उपचारांबद्दल समाधानी' असं भरून ठेवलं होतं. ते पुसलं आणि त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहून त्याला परत वाचून दाखवलं. 'ह्यात काही राहिलं नाही' हे वाक्य ठेवू का, असं विचारलं. तो म्हणाला, "ठिवा. दुसऱ्याच्या येळंला कोन बोलायचं न्हाई."

समीक्षकाचा एक प्रश्न आला: अॅट्रोपिन दिलं होतं, मग बाहुल्या त्यानेच रुंद झाल्या नसतील कशावरून? उत्तर टाइमलाइनमध्येच होतं. शिरेतून ०.६ मिलिग्रॅम एकदाच, तेही अठरा तास आधी. एवढ्याने बाहुल्या अशा स्थिर राहत नाहीत. डोळ्यांत थेंब घातले नव्हते, हे औषधांच्या चार्टवरून पाहून घेतलं. दोन ओळी वाढल्या.

शेवटचं संमतीचं वाक्य इतकंच झालं: 'रुग्णाने मजकूर मराठीतून ऐकून, स्वतःच्या सहीने प्रकाशनास लेखी संमती दिली आहे, छायाचित्रे त्याच्या इच्छेनुसार वगळली आहेत.' सही करताना पेन अजून त्याच्या बोटांत नीट बसत नव्हतं. अंगठा चालेल, असं मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि पूर्ण नाव लिहिलं. तो कागद जर्नलला न पाठवता आमच्या कपाटात ठेवला आहे. या लेखातही मी त्याने छापायला मान्य केलं होतं तेवढंच लिहिलं आहे.