शेंगेन व्हिसाचा फॉर्म: चौघांचे चार, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं

दुबईला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. नवरा, बायको, बारा वर्षं पूर्ण झालेली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा, असं चौघांचं कुटुंब. सगळे फॉर्म पेनाने भरलेले आणि खाली एक ओळ: "ताई, एकदा नजर टाक ना."

तिकडे बऱ्याच जणांना वाटतं की एकदा दुबईला गेलं की युरोप म्हणजे शेजारचं गाव. पण पासपोर्ट भारताचाच असतो, त्यामुळे फॉर्मही तोच. फरक इतकाच की तुम्ही कायदेशीरपणे जिथे राहता तिथूनच अर्ज करायचा. म्हणजे दुबईकरांनी दुबईतून, मुंबईतून नाही.

फोटो बघितल्यावर मी पहिल्यांदा फॉर्म सपाट ठेवून ते पुन्हा काढायला सांगितले, अगदी खालच्या कडेपर्यंत. पहिल्या फोटोत तळाची बारीक टीप कापली गेली होती, आणि नेमकी तीच कामाची असते. पहिले तीन रकाने पासपोर्टमध्ये आहे तसेच भरा, हे तिथे लिहिलेलं असतं. फुल्या मारलेले काही रकाने युरोपियन नागरिकाच्या कुटुंबीयांनी भरायचे नाहीत, हेही तिथेच. फोटो पाठवताना पासपोर्ट नंबरावर बोट ठेवायलाही सांगितलं. नंबर बरोबर आहे का हे त्यांनी घरी पासपोर्ट समोर ठेवून बघावं, मला तो कळायची गरज नाही.

रकाना १ ते ३ म्हणजे आडनाव, जन्माच्या वेळचं आडनाव आणि नाव. आपल्या पासपोर्टात नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत येतं, म्हणून तिसऱ्या रकान्यात दोन्ही लिहायची. मधलं नाव गाळलं तर तो पासपोर्टाशी न जुळणारा अर्ज होतो. वहिनीचा प्रश्न मात्र दुसऱ्या रकान्याचा होता. लग्नानंतर तिने पासपोर्ट नवीन केला तेव्हा आडनाव बदललं, त्यामुळे पहिल्यात सासरचं आणि दुसऱ्यात माहेरचं. तिने दुसरा रिकामा सोडला होता. तीन वर्षांपूर्वी ती युरोपला जाऊन आली होती, पण तो व्हिसा जुन्या पासपोर्टावर, माहेरच्या आडनावाने होता. शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा नोंदीत ती अजून जुन्याच नावाने आहे. जुनी आणि नवी बाई एकच, हे अधिकाऱ्याला सांगणारा हा रकाना आहे. मुलांच्या आणि भावाच्या बाबतीत काहीच बदललेलं नाही, तिथे विशेष विचार करायला नको.

जन्माचे रकाने मुलाच्या फॉर्मवर चुकले होते. मुलगा दुबईला जन्मला, पण सगळ्यांसारखंच त्याच्याही जन्मदेशापुढे भारत लिहिलं होतं. जन्माचं ठिकाण दुबई, जन्माचा देश यूएई, राष्ट्रीयत्व भारतीय, अशी तीन वेगळी उत्तरं लागतात. आखातात जन्मल्याने तिथलं नागरिकत्व मिळत नाही, म्हणून 'जन्माच्या वेळचं राष्ट्रीयत्व, वेगळं असल्यास' हा भाग त्याच्यासाठी रिकामाच राहतो.

याच्याच उलटी गडबड सोळाव्या रकान्यात होती. वहिनीचा पासपोर्ट दुबईच्या भारतीय वकिलातीतून निघालेला, त्यावर 'प्लेस ऑफ इश्यू' म्हणून दुबई छापलंय, म्हणून तिने 'इश्यूड बाय' पुढे यूएई लिहिलं. इथे विचारलाय तो पासपोर्ट देणारा देश. तो भारत, मग कागद कुठल्याही शहरात छापलेला असो.

दहावा रकाना फक्त मुलांसाठी, पालकांची माहिती. त्यांचं राष्ट्रीयत्व, आणि पत्ता वेगळा असेल तर तोही, तिथेच येतो. अकरावा म्हणजे राष्ट्रीय ओळख क्रमांक, लागू असल्यास. कुणी तिथे आधार लिहितं, कुणी एमिरेट्स आयडी. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि एमिरेट्स आयडी हे तर दुसऱ्या देशाचं कार्ड. माझं मत रिकामा सोडा, असं आहे. एमिरेट्स आयडीची जागा पुढे येते.

मग वहिनीचा फोन आला. "ताई, सतरा नंबरला ह्यांचंच नाव लिहायचं ना? फॅमिली मेंबर म्हणून?"

"ह्यांचा पासपोर्ट युरोपचा आहे का?"

"नाही हो."

"मग सतरा आणि अठरा, दोन्ही कोरे."

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे, आणि ती साधी नाही. हे दोन रकाने फक्त अशांसाठी आहेत ज्यांचा नवरा, बायको, मूल वगैरे युरोपियन युनियनचं, नॉर्वे-आइसलँड-लिश्टनस्टाइनचं किंवा स्वित्झर्लंडचं नागरिक आहे. (ब्रेक्झिटच्या करारात बसणारे काही ब्रिटिशही त्यात येतात.) अशा कुटुंबीयांना वेगळे नियम लागतात, ठरावीक परिस्थितीत व्हिसा फीसुद्धा माफ असते. भारतीय नवऱ्याचं नाव तिथे भरलं तर अर्ज नसलेला हक्क सांगतो, आणि काउंटरवरचा माणूस गोंधळतो. ओळीच्या सुरुवातीचे 'फॅमिली मेंबर' हे दोन शब्द वाचले की हात आपोआप चालतो. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही.

पत्त्यात पी.ओ. बॉक्स लिहू नका. दुबईत पत्रं बॉक्सवरच येत असली तरी एकोणिसावा रकाना घराचा पत्ता विचारतो. फ्लॅट नंबर, इमारत, भाग, शहर. विसावा रकाना विचारतो की राष्ट्रीयत्वाच्या देशाबाहेर राहता का. हो. इथे एमिरेट्स आयडीचा नंबर आणि त्याची मुदत. २०२२ पासून यूएईत पासपोर्टावर रेसिडन्सचा स्टिकर लावत नाहीत, आयडीच त्याचा पुरावा आहे. ७८४ ने सुरू होणारा पंधरा आकडी नंबर लिहायचा. कार्डाच्या मागच्या बाजूला दुसरा एक कार्ड नंबर असतो, तो नाही. चौघांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, म्हणून नवऱ्याची तारीख सगळ्यांच्या फॉर्मवर उतरवू नये.

व्यवसाय प्रत्येकाचा आपापला. भावाने 'मॅनेजर' लिहिलं होतं, पण कंपनीच्या एनओसीवर त्याचं पद वेगळं होतं. ऑफिसात सगळे त्याला काहीही म्हणोत, फॉर्म आणि पत्र जुळलंच पाहिजे. वहिनी गृहिणी. मुलांच्या फॉर्मवर विद्यार्थी, आणि बाविसाव्यात शाळेचं नाव-पत्ता.

आता मला खरा वेळ जिथे गेला तो भाग. त्यांचा बेत असा होता: ९ मे रोजी रात्री उशिरा दुबईहून विमान, १० ला सकाळी फ्रँकफर्ट, तिथे विमान बदलून रोम. इटलीत सहा दिवस, स्वित्झर्लंडमध्ये तीन, पॅरिसमध्ये दोन, आणि २० मे रोजी रात्री पॅरिसहून परत. २५ व्या रकान्यात मुख्य देश विचारतात, तो इटली, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथे. म्हणून अर्जही इटलीकडेच. बाकीचे दोन देशही त्याच रकान्यात लिहायचे. दिवस समसमान असते आणि हेतूही एकच असता, तर जिथे आधी पाऊल पडतं त्या देशाकडे अर्ज गेला असता.

२६ व्यात त्यांनी पुन्हा इटली लिहिली होती. शेंगेनमध्ये पहिला प्रवेश कुठून, हा प्रश्न आहे. फ्रँकफर्टहून रोमला जाणारं विमान शेंगेनच्या आतलं मानलं जातं, त्यामुळे प्रवेशाची तपासणी आणि नोंद फ्रँकफर्टलाच होते. उत्तर जर्मनी. जर्मनीत हे लोक विमानतळाबाहेरही पडणार नाहीत, पण रकान्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. अर्ज इटलीकडे आणि प्रवेश जर्मनीतून, यात काहीही गैर नाही. तिकिटाशी न जुळणारं उत्तर मात्र खटकतं.

२७ व्यात तारखा. त्यांनी येण्याची तारीख ९ मे लिहिली, कारण तिकिटावर ठळक अक्षरात तीच असते. हवी ती शेंगेनमध्ये उतरायची, म्हणजे १० मे. निघायची २० मे, मग विमान दुबईला दुसऱ्या दिवशी का उतरेना. विमा या संपूर्ण काळाचा हवा, आणि किमान ३०,००० युरोंचा.

२८ वा रकाना बोटांच्या ठशांचा, आणि एकाच कुटुंबात तीन वेगळ्या परिस्थिती इथे येतात. ठसे बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत, आणि घेतलेले ठसे पुढच्या ५९ महिन्यांत केलेल्या अर्जाला पुन्हा वापरता येतात. भाऊ आणि वहिनी: हो, तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि जुन्या पासपोर्टातल्या व्हिसा स्टिकरचा नंबर. मुलीने त्याच सहलीचा व्हिसा घेतला होता म्हणून तिच्या फॉर्मवरही 'हो' होतं. पण तेव्हा ती नऊ वर्षांची होती, ठसे दिलेच नव्हते. तिचं उत्तर 'नाही', आणि या वेळी तिला ठसे द्यायला स्वतः जावं लागणार. अपॉइंटमेंट शाळेच्या वेळेत घेतली होती, ती बदलावी लागली. मुलाचंही 'नाही', आणि वयामुळे त्याचे या वेळीही घेणार नाहीत.

२९ वा रकाना शेंगेनमधून पुढे तिसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी. कोरा.

३० मध्ये हॉटेलं, आणि मग ३२ वा, खर्च कोण करणार. यूएईत 'स्पॉन्सर' म्हटलं की ज्याच्यावर तुमचा रेसिडन्स आहे तो, म्हणून भावाने स्वतःच्या फॉर्मवर कंपनीला स्पॉन्सर करून टाकलं. कंपनी सहलीचे पैसे देणार आहे का? नाही. मग 'अर्जदार स्वतः' ही खूण. वहिनी आणि मुलांच्या फॉर्मवर मात्र स्पॉन्सर, 'इतर' खाली नवरा किंवा वडील, आणि 'सगळा खर्च' ही चौकट. त्यांच्या प्रत्येकाच्या फाइलीत भावाच्या बँक स्टेटमेंटची आणि पगारपत्राची प्रत हवी, नाहीतर ही खूण हवेतच राहते.

३३ वा रकाना म्हणजे फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर त्याचं नाव. टायपिंग सेंटरवाल्याने भरला तर त्याचं यायला हवं, आणि लोक ते टाळतात. मी फक्त बघून दिलं, लिहिलं त्यांनीच, म्हणून माझं नाव नाही.

सह्या एकापेक्षा जास्त जागी असतात, कारण व्हिसा नाकारला तरी फी परत मिळणार नाही, हे वेगळं कबूल करून घेतात. मोठ्यांना फी ९० युरो. मुलीलाही ९०च, कारण ४५ ची सवलत सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना. धाकट्याला काहीच नाही. मुलीने आपल्या फॉर्मवर छान गोल सही केली होती. ती चालत नाही, अल्पवयीनांसाठी पालक सही करतात. तिला नवीन फॉर्मची शेवटची पानं छापून दिली आणि वहिनीने सही केली. मुलगी थोडी रुसलीच.